चौदा घरांचा पट: चिंचोके पेरायचे कसे आणि घ्यायचे कधी

प्रश्न: वाईला सासरच्या माळ्यावर मधोमध मिटणारा, १४ वाट्यांचा लाकडी पट सापडला. सोबत पिशवीभर चिंचोके होते. सासूबाई म्हणतात, "वाटत जायचं आणि रिकाम्याच्या पुढचं घ्यायचं," पण त्यापुढचं त्यांना आठवत नाही. मी आणि जाऊबाई तीनदा खेळून बघितलं, तिन्ही वेळा वाद झाला. पेरायचं नेमकं कसं, आणि चिंचोके आपले कधी होतात?

उत्तर:

सासूबाईंच्या त्या एका वाक्यात निम्मा खेळ आला. उरलेला निम्मा म्हणजे "वाटत जायचं" कुठपर्यंत, एवढंच. तुमचे वादही बहुधा तिथेच होत असणार.

आमच्या मिरजेच्या घरात हा पट आज्जीबरोबर आला. तिचं माहेर विजापूरकडचं, म्हणून ती याला कानडीत अळगुळी मणे म्हणायची. हाच खेळ तमिळनाडूत पल्लांगुळी आणि तेलुगू मुलखात वामन गुंटलु म्हणून खेळतात. नियम गावोगाव नव्हे, घरोघर थोडे बदलतात. मी सांगतोय ते आमच्या घरचे. गेली तीसेक वर्षं मी नव्या माणसांना याच नियमांनी शिकवतो, कारण यात हिशेब सरळ राहतो. जिथे दुसऱ्या घरचा नियम वेगळा असतो तिथे तसं सांगेन.

एक गोष्ट आधी बाजूला काढतो. मोबाईलवर असाच दिसणारा एक खेळ मिळतो. त्यात दोन्ही टोकांना मोठी वाटी असते आणि वाटताना आपल्या मोठ्या वाटीतही एक दाणा टाकतात. तो कलाह, अमेरिकेत १९४०च्या सुमारास निघालेला वेगळा खेळ आहे. तुमच्या पटालाही टोकांना मोठे खळगे असले तर ते फक्त जिंकलेले चिंचोके ठेवायला. पेरताना त्यांच्याकडे बघायचंही नाही. जाऊबाईंनी मोबाईलवर तो खेळ खेळला असेल तर तुमच्या वादाचं एक कारण मला इथूनच दिसतंय.

आता पट मांडा. लांब बाजू तुमच्या दोघींच्या पुढ्यात यायला हवी. जवळची ७ घरं तुमची, पलीकडची ७ जाऊबाईंची. प्रत्येक घरात ५ चिंचोके, म्हणजे एकूण ७०. खेळायला बसण्याआधी पिशवीतले बरोबर ७० मोजून वेगळे काढा, तुटके आणि किडके बाजूला टाका. हे सोवळं पाळण्यासाठी सांगत नाही. मधेच चूक झाली का हे ओळखायचा एकच उपाय आहे: पटावरचे आणि दोघींनी जिंकलेले मिळून ७० भरले पाहिजेत.

समजवायला सोपं जावं म्हणून घरांना आकडे देऊ. तुमच्या डावीकडून उजवीकडे १ ते ७. मग वळून पलीकडच्या रांगेत उजवीकडून डावीकडे ८ ते १४. म्हणजे ७च्या समोर ८ आणि १च्या समोर १४ येतो. पेरणी याच क्रमाने जाते: आपल्या रांगेत डावीकडून उजवीकडे, कोपऱ्यावर वळून समोरच्या रांगेत, तिथून परत आपल्याकडे. रहाटाच्या माळेसारखं एकाच दिशेने. जाऊबाई खेळतील तेव्हा त्यांनाही त्यांच्या डावीकडून उजवीकडेच जायचंय, आणि दिशा तीच राहते.

पेरायचं असं. आपल्या रांगेतलं कुठलंही एक भरलेलं घर निवडायचं, त्यातले सगळे चिंचोके मुठीत घ्यायचे, आणि पुढच्या घरापासून प्रत्येकात एकेक टाकत जायचं. एकही घर वगळायचं नाही, समोरचीचं असलं तरी. मूठ रिकामी झाली की थांबून पुढच्या घरात बघायचं. शेवटचा चिंचोका जिथे पडला त्या घरात नाही, त्याच्या पुढच्या घरात. नव्या माणसाची सगळ्यात जास्त चूक इथे होते. शेवटचा दाणा पडला तेच घर तो उचलतो. आफ्रिकेतल्या काही खेळांत तसं आहेही, पण आपल्याकडे नाही.

पुढच्या घरात काय दिसतं यावर तीन वाटा फुटतात. त्यात चिंचोके असले, मग ते कुणाच्याही रांगेतलं असो, ते सगळे उचलायचे आणि तिथून पुढे पुन्हा पेरत जायचं. हे चिंचोके तुमचे झालेले नाहीत, फक्त पेरायला हातात आलेत. ते घर रिकामं असलं तर पेरणी संपली. रिकाम्या घरातून बोट फिरवायचं, जणू पुसतोय असं, आणि त्याच्या पुढच्या घरातलं सगळं स्वतःकडे घ्यायचं. हे मात्र तुमचे झाले, पटावरून उतरले. आमच्याकडे याला पुसून घेणं म्हणतात. तिसरी वाट अशी की पुढचं घर रिकामं आणि त्याच्या पुढचंही रिकामं. मग पुसायला बोट फिरवलंत तरी हाती काही लागत नाही. डाव समोरचीकडे जातो.

उचलणं वेगळं आणि घेणं वेगळं. माझी पुतणी शिकताना उचललेलं सगळं मांडीवर ठेवत होती आणि चौथ्या खेळीला पट ओकाबोका झाला. तेव्हापासून मी नव्या माणसाला सांगतो, पेरायचे चिंचोके उजव्या मुठीत आणि जिंकलेले डाव्या हाताला ठेवलेल्या वाटीत. वाटीत आवाज झाला तरच मिळकत.

आता हाताने करून बघा. पट समोर ठेवा आणि मी सांगतो तसे चिंचोके हलवा, नुसतं वाचून हे डोक्यात शिरत नाही. तुम्ही पहिली खेळी करताय आणि घर १ उचललंत. ५ चिंचोके २, ३, ४, ५, ६ मध्ये पडले, तिथे सहा-सहा झाले. पुढचं घर ७, त्यात ५ आहेत. उचला. ते ८ ते १२ मध्ये जातात. पुढचं १३, त्यात ५. उचला. १४, १, २, ३, ४ मध्ये टाका. घर १ मघाशी तुम्हीच रिकामं केलं होतं, त्यात आता १ पडला. तो टाकायचाच, जिथून निघालो ते घर वगळायचं नाही. पुढचं घर ५, त्यात ६. उचलून ६ ते ११ मध्ये. पुढचं १२, त्यातही ६. ते १३, १४, १, २, ३, ४ मध्ये. मूठ संपली. पुढचं घर ५, आणि ते आत्ताच तर उचललं होतं, रिकामं आहे. पुसा आणि घर ६ घ्या. त्यात ७ आहेत.

घेण्याच्या आधी पट असा दिसला पाहिजे. वरची ओळ जाऊबाईंची, डावीकडे १४ आणि उजवीकडे ८. खालची तुमची, १ ते ७.

```
७  १  ०  ७  ७  ७  ७
२  ८  ८  ८  ०  ७  १
```

तुमच्याकडे असं दिसत नसेल तर बहुतेक एखाद्या घरात दोन चिंचोके एकदम सुटलेत. चिंचोके गुळगुळीत, जोडीने घसरतात. मूठ उपडी धरून अंगठ्याने एकेक ढकला, बोटांच्या चिमटीतून सोडू नका.

एक गंमत लक्षात आली का? पहिल्या खेळीला सगळी घरं सारखी आहेत आणि पट गोल फिरतो. त्यामुळे तुम्ही १ उचला, ४ उचला, नाहीतर ७, हाती ७च चिंचोके येणार. फरक पडतो तो रिकामी घरं कुठे उरतात यात. "सुरुवात कुठून करू?" असं प्रत्येक नवा माणूस विचारतो, त्याचं उत्तर हेच. किती मिळणार ते ठरलेलं आहे, समोरचीला काय उरणार ते तुम्ही ठरवता.

दुसऱ्या घरची माणसं या जागी काय करतात तेही सांगतो. काही ठिकाणी पुसून घेताना पुढच्या घराबरोबर त्याच्या समोरचं घरही घेतात. इथे ६च्या समोर ९ आहे, त्यातही ७, म्हणजे एकदम १४. सासूबाईंना विचारून बघा, त्यांच्या आठवणीत "समोरचंही" असं काही असेल तर तुमच्या घरचा नियम तो. मी नव्यांना तो शिकवत नाही, कारण पट फार लवकर उजाड होतो.

आता जाऊबाईंची पाळी. तुम्ही ६ मधले ७ घेतलेत, पटावर ६३ उरले. त्यांच्या रांगेत चार घरांत सात-सात आहेत, १४ मध्येही ७, १२ रिकामं आणि १३ मध्ये एकटा १ चिंचोका. नवा माणूस त्या एकट्याकडे बघतही नाही. त्या तो उचलतात आणि १४ मध्ये टाकतात, तिथे ८ झाले. मूठ संपली. पुढचं घर १, त्यात २. उचलून २ आणि ३ मध्ये, दोन्हीकडे नऊ-नऊ. पुढचं ४, त्यात ८. ते ५ पासून १२ पर्यंत जातात. पुढचं १३, जे त्यांनी सुरुवातीलाच रिकामं केलं होतं. पुसलं, आणि १४ मधले ८ घेतले. एका चिंचोक्यावर ८. आणि ते आले त्यांच्याच रांगेतल्या घरातून. आपल्या रांगेतलं घ्यायला काही बंदी नाही.

```
०  ०  १  ८  ८  ८  ८
०  ९  ९  ०  १  १  २
```

पटावर ५५. तुमच्याकडे ७, त्यांच्याकडे ८. बेरीज ७०.

इथे जरा थांबू, कारण या एका मांडणीत खेळाची सगळी खोच दिसते. तुमच्यापुढे पाच घरं आहेत: २ आणि ३ मध्ये नऊ-नऊ, ५ आणि ६ मध्ये एकेक, ७ मध्ये दोन. मन कुठे जातं? नऊकडे. आमच्याकडे पहिल्यांदा बसणारी दहातली आठ माणसं ३ उचलतात.

उचला ३. ९ चिंचोके ४ ते १२ मध्ये जातात. पुढचं घर १३ रिकामं. त्याच्या पुढचं १४ तेही रिकामं. हाती शून्य, आणि वर पाच चिंचोके समोरच्या रांगेत दान केलेत. बरं, मग २ उचला. तेही ९, ३ ते ११ मध्ये गेले. पुढचं १२, त्यात १. तो १३ मध्ये टाकला. पुढचं १४ रिकामं, त्याच्या पुढचं १ तेही रिकामं. पुन्हा शून्य. दोन्ही भरलेली घरं फुकट गेली.

आता ७ मधले दोन. ८ आणि ९ मध्ये एकेक टाकले, दोन्हीकडे ९ झाले. पुढचं १०, त्यात ८. ते ११, १२, १३, १४, १, २, ३, ४ मध्ये. पुढचं ५, त्यात १. तो ६ मध्ये. पुढचं ७, तुम्हीच रिकामं केलेलं. पुसा आणि ८ घ्या: ९ चिंचोके.

आणि ५ मधला एकटा उचललात तर? तो ६ मध्ये पडतो. पुढचं ७, त्यातले २ पुन्हा ८ आणि ९ मध्ये. पुढे १०, त्यातले ८ पुन्हा ४ पर्यंत. वाट तीच दिसते ना? पण आता पुढचं घर ५ आणि ते तर तुम्ही सुरुवातीलाच रिकामं केलंय. पेरणी एक पाऊल आधीच संपली. पुसून ६ घेतलंत, त्यात फक्त २. चिंचोके त्याच घरांमधून फिरले तरी एकदा ९ मिळाले आणि एकदा २.

म्हणून मी शिकवताना सांगतो की भरलेली घरं बघू नका, रिकामी बघा. पेरणी रिकाम्या घराच्या तोंडाशीच थांबते. मग कुठल्या रिकाम्या घराच्या पुढे घबाड आहे ते शोधायचं आणि तिथे थांबेल अशी सुरुवात कुठून होते ते मागे मोजत जायचं. जिथे रिकामी घरं शेजारी-शेजारी आहेत, तसं वर १३, १४ आणि १ सलग तीन आहेत, तो खड्डा समजायचा. तिथे पोचणारी पेरणी बुडाली.

मोजायला एक सोपी युक्ती आहे. घराचा आकडा, अधिक त्यातले चिंचोके, अधिक एक. जी बेरीज येईल ते तुम्ही पुढे बघायचं घर. १४ पेक्षा जास्त झाली तर १४ वजा करा. घर ७, चिंचोके २: ७ आणि २ आणि १, म्हणजे १०. घर १० मध्ये ८: १९, वजा १४, म्हणजे ५. घर ५ मध्ये १: ७. ते रिकामं, म्हणून ८ घ्या. सगळी खेळी चिंचोक्याला हात न लावता तीन बेरजांत बघून झाली. एवढंच ध्यानात ठेवायचं की पेरणी ज्या घरांवरून जाते त्यांत एकेक वाढत जातो. बेरीज करताना जुना आकडा धरलात की गणित फसतं. दोन उड्यांपर्यंत कुणालाही जमतं, पाच उड्या डोक्यात धरायला सवय लागते. आज्जी बेरीज वगैरे करत नसे. ती नुसती बघायची आणि उचलायची, आणि तिचं बोट नेमकं भरलेल्या घरामागच्या रिकाम्यावर येऊन टेकायचं.

वरच्या जाऊबाईंच्या खेळीतही काही लोकांच्या नियमाने वेगळं घडलं असतं. ८ घेतल्यावर १४ रिकामं झालं, त्याच्या पुढचं १ रिकामं आणि त्यापुढच्या २ मध्ये ९. "रिकामं, भरलेलं, रिकामं, भरलेलं" अशी साखळी असली की ती सगळी पुसत जायची, असं खेळणारे लोक आहेत. त्यांच्या हिशेबाने त्या खेळीत ८ नाही, १७ मिळाले असते. आमच्याकडे एका पाळीला एकदाच पुसतात. दोन्ही खेळ चांगले आहेत, पण बसण्याआधी ठरवा. मधेच ठरवायला गेलात की ज्याचे ९ जाणार तो कधी कबूल होत नाही.

राहिली गाय. पेरता-पेरता एखाद्या घरात बरोबर ४ चिंचोके झाले की ती गाय, आणि ती ज्याच्या रांगेत झाली त्याची. पेरणारा कोण ते बघायचं नाही. घराच्या मालकाने ते चारही लगेच उचलून आपल्या वाटीत टाकायचे, पेरणी चालू असतानाच. त्याच्या लक्षात यायच्या आत पाचवा पडला तर गाय गेली. तमिळमध्येही या चाराला पसू, म्हणजे गायच म्हणतात. वर तुम्ही ६ मधला एकटा उचलला असतात तर हे दिसलं असतं. तो ७ मध्ये पडून तिथे ३ होतात, दोन उड्यांनंतर पुन्हा ७ मध्ये एक पडतो, ४ झाले, गाय तुमची. मग शेवटी पुसून फक्त १ मिळतो. एकूण ५. म्हणजे त्या मांडणीत तुमच्या पाच घरांची किंमत अशी निघते: २ आणि ३ ची शून्य, ५ ची दोन, ६ ची पाच आणि ७ ची नऊ.

गायीमुळे चांगली दिसणारी खेळी कशी महाग पडते तेही बघून ठेवा. दुसऱ्या पाळीला जाऊबाईंनी १३ ऐवजी १४ मधले ७ उचलले असते तर शेवटी त्यांनी तुमच्या ३ मधले १० पुसून घेतले असते. मांडून बघा, तुमच्या ६३च्या पटावर. १४ मधले तुमच्या सगळ्या रांगेत एकेक पडतात आणि १ मध्ये ३ होतात. मग ८ मधले ७ उचलले जातात आणि त्यातला शेवटचा पुन्हा १ मध्ये पडतो. चार झाले, गाय तुमची. घर १ पुन्हा रिकामं, त्यांची पेरणी पुढे चालू: २, मग १२, मग १४, आणि शेवटी २ रिकामं म्हणून ३ मधले १०. त्यांना १० मिळाले पण मधे तुम्हाला ४ दिले. १३ ने ८ मिळत होते आणि तुम्हाला काही जात नव्हतं. सहाचा फायदा की आठचा, तुम्हीच बघा. नव्या खेळाडूच्या घराघरांत तीन-तीन चिंचोके दिसायला लागले की समोरचा जाणता माणूस गप्प होतो, ते याचमुळे.

फेरी संपते ती अशी. ज्याची पाळी आहे त्याच्या सातही घरांत काही नसेल तर खेळायला काही उरलं नाही. मग समोरच्या रांगेत जे असतील ते त्या रांगेच्या मालकाचे. दोघींनी आपापलं मोजायचं, बेरीज ७० यायला हवी. शेवटच्या काही पाळ्यांत पटावर एकेकटे चिंचोके उरतात आणि ते एकेक घर सरकवत वेळ काढायचा असतो. तिथे फार डोकं लावू नका.

पण खेळ एका फेरीत संपत नाही. दुसऱ्या फेरीला प्रत्येकीने आपल्या मिळकतीतून आपली घरं भरायची, पाच-पाच. समजा तुम्हाला ४१ मिळाले आणि जाऊबाईंना २९. तुमची सातही घरं भरून ६ हातात उरतात. त्यांची पाच घरं भरतात, ४ उरतात, आणि दोन घरं रिती राहतात. ती दोन घरं या फेरीपुरती बंद. आमच्याकडे त्यात उदबत्तीची काडी आडवी ठेवतात. बंद घरात पेरायचं नाही, ते ओलांडून जायचं. आणि ते रिकामं घर म्हणून धरायचंही नाही, म्हणजे बंद घर पुसून पुढचं घेता येत नाही. मी पाहिलेली अर्धी भांडणं या एका गोष्टीवरून झालीत, तुमचं चौथं यावरून व्हायला नको. मघाची बेरजेची युक्ती वापरत असाल तर आता पट १४चा नाही, १२चा आहे. उघड्या घरांनाच आकडे द्या आणि १२ वजा करा.

पुढच्या फेरीत जाऊबाईंना ३५ मिळाले तर काड्या निघतात आणि घरं परत उघडतात. एकीला एकही घर भरता येईना, म्हणजे हातात ५ पेक्षा कमी उरले, की खेळ संपला. दोघी सारख्याच तयारीच्या असतील तर त्याला दुपारच्या दुपारी जातात, म्हणून आमच्याकडे पट मिटायच्या आधी कुणाची किती घरं उघडी आहेत ते आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवायची पद्धत होती. तुमच्या पटाच्या आत पांढऱ्या रेघांच्या खुणा दिसतात का बघा.